नेहमीप्रमाणे निम्मे

प्रिय ताई,
माझी शाळेपासूनची मैत्रीण गेल्या दीड वर्षापासून सारखे थोडे थोडे पैसे उसने मागते. आधी 500 रुपये, मग 1,000, मग 2,000. काही परत आले, बरेचसे नाही. मी कधी तगादा लावला नाही. मागच्या आठवड्यात तिने 3,000 मागितले. मी दोन तास उत्तरच दिलं नाही. मग ‘सध्या माझीही जरा ओढाताण आहे, बघते’ असं लिहिलं आणि नेहमीप्रमाणे निम्मे पाठवले. हल्ली फोनवर तिचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. ती वाईट नाही, अडचणीत आहे, हे मला कळतं. पण आता मला हे थांबवायचंय. तिला न दुखवता नाही कसं म्हणू?
– कात्रीत सापडलेली

अगं कात्रीत सापडलेली,

तुझ्या पत्रातले दोन शब्द मी तीनदा वाचले. ‘नेहमीप्रमाणे निम्मे.’ तू ते जाता जाता लिहून पुढे गेलीस, आणि मी मात्र तिथेच अडकले.

निम्मे का गं? तिने निम्मे मागितले नव्हते. तिचं एवढ्यात भागेल असा काही हिशेबही तू केला नव्हतास. पूर्ण द्यायची इच्छा नव्हती आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तू मधला आकडा गाठलास. याला तू मदत म्हणत असशील, मी घासाघीस म्हणते. आणि घासाघीस होणार हे एकदा कळलं की समोरचं माणूस पहिला आकडा चढाच सांगतं. त्यासाठी लबाड असावं लागत नाही.

तुझेच आकडे घे. पहिल्यांदा 500 मागितले तेव्हा तू बहुतेक पूर्ण दिले असशील. पुढच्या खेपेला मागणी 1,000 ची, हातात पडले 500. मग 2,000 मागून 1,000, आणि परवा 3,000 मागून 1,500. म्हणजे दुसऱ्या वेळी तिने दुप्पट मागून पहिल्याइतकेच मिळवले. यातून तिने काय शिकावं असं तुला वाटतं? मागणी सहापट झाली म्हणून तुझ्या पोटात गोळा येतो, पण तिच्या हातात पडणारी रक्कम तिपटीनेच वाढली आहे. तिची गरज खरंच वाढली, की ती तुझे निम्मे गृहीत धरून मागायला लागली? तुला सांगता येणार नाही. मलाही नाही. कदाचित आता तिचं तिलाही सांगता येत नसेल.

आणि समज, परवा तिला खरोखरच 3,000 हवे होते. मग तुझ्या 1,500 ने काय झालं? उरलेल्यांसाठी तिला आणखी कुणापुढे तरी हात पसरावा लागला. एका ठिकाणची लाज तू दोन ठिकाणी वाटलीस. समज, हवे 1,500 च होते, तर तुझे ‘निम्मे’ म्हणजे तिचे पूर्ण, आणि तुझी काटकसर फुकट गेली. दोन्हीकडून बघितलं तरी निम्म्याने कुणाचं भलं झालेलं नाही. झालं ते इतकंच, की त्या रात्री तुला ‘मी काही अगदीच नाही म्हटलं नाही’ असं म्हणत झोपता आलं.

रागावते आहे मी, हो. तुझ्यावरच. तिच्यावर रागवायला मला तुझ्या पत्रात फारसं काही सापडलं नाही. तुझे ते दोन तास तिच्या बाजूने एकदा बघ. मेसेज गेलाय, तू वाचलास हे बहुधा तिला दिसलंय, आणि उत्तर येत नाही. शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे पैसे मागून माणूस ज्या स्थितीत फोन हातात धरून बसतं, त्यापेक्षा पहिल्या पाच मिनिटांत आलेलं ‘नाही’ परवडतं. ते वाचून ती दुसरा मार्ग शोधायला लागली असती. कामाच्या ठिकाणी उचल मागितली असती, देणेकऱ्याकडून आठ दिवसांची मुदत घेतली असती, काहीही. तू तिला ताटकळत ठेवलंस आणि वर ‘बघते’ म्हणालीस.

या ‘बघते’चंच बघ. आपल्या भाषेत न दुखवता नाही म्हणायच्या इतक्या सोयी आहेत की शेवटी नाही म्हटलंच जात नाही. ‘सध्या’ म्हटलं की पुढच्या महिन्याचं दार उघडं राहतं. ‘जरा’ म्हटलं की अडचण किरकोळ आहे असं कळतं. आणि ‘बघते’ हा तर तिच्या लेखी होकार आहे, फक्त तारीख पडायची बाकी आहे. ‘जमणार नाही’सुद्धा तितकंसं सरळ नाही. त्यावर ‘मग कधी जमेल?’ असा प्रश्न येतो, आणि तो रास्तच असतो, कारण ‘जमणार नाही’ हे खिशाबद्दलचं वाक्य आहे. खिसा कधीतरी भरतो. तुला जे सांगायचंय ते खिशाबद्दल नाहीच. तू देणार नाहीस, असलेल्यातूनही देणार नाहीस, असं तुला सांगायचंय. मग तेच लिही.

आणि एक हिशेबाची गोष्ट, जी तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तू 1,500 पाठवलेस आणि ‘बघते’ लिहिलंस. म्हणजे तिच्या दृष्टीने उरलेले 1,500 अजून यायचे आहेत. ती वाट बघते आहे. तेव्हा पुढची मागणी येईल तेव्हा बघू असं म्हणून थांबू नकोस. उत्तर देणं तुझ्याकडे आजच बाकी आहे. हे लिही, शब्द हवे तर तुझे घाल:

‘मागच्या आठवड्यात मी बघते म्हणाले होते, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. उरलेले पैसे मी पाठवणार नाही. यापुढे आपल्या दोघींत उसनवारी नको असं मी ठरवलंय. रक्कम थोडी असो की मोठी, मी देणार नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं, तुला उगाच ताटकळत ठेवलं. तुझ्यावर राग नाही. खूप दिवसांत आपण पैशांशिवाय काही बोललेलोच नाही आणि मला ते बोलायचंय. रविवारी दुपारी फोन करते.’

‘थोडी असो की मोठी’ हे शब्द गाळू नकोस. ते निम्म्याचं दार लावून घेतात. ते नसतील तर संध्याकाळपर्यंत ‘बरं, निदान 500 तरी?’ येईल, आणि तू कोण आहेस ते मला आता कळलंय, तू 250 पाठवशील.

मेसेजमध्ये कारण नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मुद्दामच नाही. कारण दिलं की ते सोडवता येतं. पगार झाला नाही म्हणालीस तर पगार होईपर्यंत ती थांबेल. घरात खर्च निघाला म्हणालीस तर तो आटोपेपर्यंत थांबेल. आणि कारण खोटं असलं की ते तुला सांभाळत बसावं लागतं; नवीन काही विकत घेतलं तर तिच्यापासून लपवावं लागतं. ‘मी ठरवलंय’ हे सांभाळावं लागत नाही.

‘माफ कर’ही नाही. ताटकळत ठेवल्याची कबुली आहे, ती तू द्यायलाच हवीस. पण न देण्याबद्दल माफी मागितलीस तर तो गुन्हा ठरतो, आणि मग तुझी समजूत काढायचं काम तिच्या अंगावर पडतं.

जुन्या पैशांचा उल्लेख तर चुकूनही करू नकोस. तुझी बोटं शिवशिवतील, मला माहीत आहे. ‘आधीचेही अजून आले नाहीत’ असं एक वाक्य शेवटी चिकटवावंसं वाटेल. ते चिकटलं की हा निरोप वसुलीचा होतो. तिला वाटेल की जुनं फेडलं तर नवं मिळेल, आणि ती कुणाकडून तरी उचलून तुझे फेडेल, वर पुढच्या महिन्यात हक्काने मागेल. ‘जुने सोडून दिले’ असंही लिहू नकोस. या घडीला ते उपकारासारखं टोचेल. ते पैसे मनात बुडीत खात्यात टाक. कधी आले तर मुकाट्याने घे.

खर्च कसा आवरावा, हिशेब कसा ठेवावा, याचे धडे नकोत. तिने ते विचारलेले नाहीत.

यावर ती काय म्हणेल? बहुधा ‘बरं’ म्हणेल आणि गप्प होईल. ती शांतता तुला सोसायची आहे. ती मोडायला काही पाठवू नकोस, ना पैसे, ना हसरे चेहरे. ‘या वेळी शेवटचे’ असं आलं तर ‘नाही गं, थोडेही नाही’ एवढंच लिही, नवीन मुद्दा काढू नकोस. प्रत्येक नवीन मुद्दा म्हणजे वादाला नवीन जागा. आणि दवाखान्याचं काही निघालं तर पैसे पाठवण्याऐवजी स्वतः उठून जा. तिच्या शेजारी बस. तिथे बसल्यावर एखादं बिल तूच भरावंसं वाटलं तर काउंटरवर जाऊन पूर्ण भर आणि ते तुझं देणं समज, तिला दिलेलं उसनं नाही. पण निम्मं बिल भरून येऊ नकोस, कृपा कर.

मलाही एकदा एका मैत्रिणीने नाही म्हटलं होतं. मी दारात उभी होते, आकडा सांगून झाला होता. ती म्हणाली, ‘पैसे मी देणार नाही, पण तू आत ये.’ मला इतका राग आला की मी आत गेले नाही. आठ दिवस तो राग पुरला. नवव्या दिवशी ती माझ्या दारात आली आणि पैसे सोडून बाकी सगळं बोलत बसली. मी कोणाकोणाकडे मागितले होते ते आता मला आठवत नाही. ज्यांनी दिले तेही सगळे आठवत नाहीत. ती आठवते.

म्हणून तुझ्या मेसेजमधलं रविवारचं वाक्य सजावटीसाठी नाही. ते पाळता येणार नसेल तर खोडून टाक. पाळणार असशील तर फोन तूच करायचास, ठरल्या वेळी. तिने उचलला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा कर. उचललाच तर ‘मग पैशांचं जमलं का?’ असं विचारू नकोस. तिने विषय काढला तर ऐक. नाही काढला तर शाळेतल्या कुणाची तरी चेष्टा कर, तुम्हा दोघींना त्यात सराव असेल.

– ताई