‘उपयोग’ आणि ‘उपयोजन’

प्रश्न : बी.एड.च्या टिपणातील नमुना प्रश्नांचे उद्दिष्टांच्या पातळीनुसार वर्गीकरण करायचे आहे. ‘उपयोग लिहा’ म्हणजे उपयोजन आणि ‘कारणे लिहा’ म्हणजे आकलन, असे धरले तर चालेल का?

उत्तर : नाही, आणि पहिल्या जोडीत तर शब्दच फसवतो. ‘उपयोग’ आणि ‘उपयोजन’ हे दोन्ही शब्द ‘युज्’ धातूपासून आले असले, तरी शिक्षणशास्त्रात ‘उपयोजन’ ही विद्यार्थ्याने करायची कृती आहे : शिकलेले तत्त्व त्याने नव्या प्रसंगी स्वतः योजायचे असते. ‘तुरटीचे उपयोग लिहा’ या प्रश्नात तो काहीच योजत नाही, पुस्तकातली यादी आठवून उतरवतो. म्हणून हा प्रश्न ज्ञानाच्या, म्हणजे सुधारित मांडणीतील स्मरणाच्या, पातळीचा आहे.

‘कारणे लिहा’ची गोष्ट अधिक नाजूक आहे. ‘माठातील पाणी थंड राहते. कारण लिहा’ हा प्रश्न घ्या. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता पाण्यातून घेतली जाते, हे वाक्य वर्गात याच उदाहरणासह लिहून दिले असेल, तर विद्यार्थी ते आठवतो, एवढेच. तत्त्व शिकवले पण माठाचा उल्लेख झाला नाही, तरच त्याला कार्यकारणसंबंध स्वतः जुळवावा लागतो. आता प्रश्न असा बदला : ‘दमट हवेच्या दिवशी माठातील पाणी कोरड्या उन्हाळ्याइतके थंड का होत नाही?’ येथे आर्द्रतेमुळे बाष्पीभवन मंदावते हे विद्यार्थ्याने ताडायचे आहे. ब्लूम यांच्या १९५६च्या मांडणीनुसार, तत्त्व अपरिचित परिस्थितीत लावले जात असल्यामुळे, मी हा प्रश्न उपयोजनात घालेन. अँडरसन आणि क्रॅथवोल यांच्या २००१च्या मांडणीत मात्र कारणमीमांसा करणे ही आकलनाचीच एक उपक्रिया आहे आणि उपयोजन म्हणजे कार्यपद्धती वापरणे; त्यामुळे तोच प्रश्न तेथे आकलनाकडे झुकतो. आपले टिपण कोणत्या मांडणीवर आधारले आहे, हे त्यातील पातळ्यांच्या नावांवरून कळेल : ‘संश्लेषण’ असेल तर ते जुने, ‘सर्जन’ असेल तर सुधारित.

तेव्हा आज्ञार्थी क्रियापदाकडे पाहून पातळी ठरवू नये; ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्नही पाठ्यपुस्तकात तयार तक्ता असेल तर स्मरणाचाच ठरतो. काय शिकवले गेले हे माहीत नसताना केवळ प्रश्नाच्या मजकुरावरून निर्णय देणे अवघड आहे, म्हणून वर्गीकरणाच्या तक्त्यात ‘हे उदाहरण वर्गात झाले आहे का?’ असा एक जादा रकाना ठेवावा, असे मी सुचवेन. प्रश्न प्रत्यक्ष विचारून झाला असेल, तर उत्तरपत्रिकाच साक्ष देतात : बहुतेकांची वाक्ये शब्दशः सारखी असतील, तर संविधान तक्त्यात त्याच्यापुढे काहीही लिहिलेले असो, तपासले गेले ते स्मरणच.