मुलं कॅथलिक होतील असं हिंदू बाजूने लिहून द्यावं लागतं का? – माझा अनुभव

प्रश्न: "मी हिंदू (पुणे), तो वसईचा कॅथलिक. चर्च ऑफिसमध्ये सांगितलं की मुलं कॅथलिकच होतील असं मी लिहून द्यायचं, नाहीतर लग्न लागणार नाही. बाबा म्हणतात सप्तपदी झाल्याशिवाय मी लग्न मानणारच नाही. धर्म न बदलता दोन्ही पद्धतीने होतं का? कुणी केलंय का?"

ताई, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मीही हिंदू घरातली, नवरा वसईकडचा कॅथलिक, आणि मलाही अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं. मी वकील नाही, धर्मपंडितही नाही. जे लिहितेय ते रोमन कॅथलिक आणि महाराष्ट्र एवढ्यापुरतंच धर. गोव्यात लग्नाची नोंदणी वेगळ्या सिव्हिल कोडने होते आणि प्रोटेस्टंट चर्चचे नियमही निराळे, तिथलं तिथेच विचारायचं.

आधी तो लिहून द्यायचा मुद्दा, कारण आमच्या घराचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच झालं.

कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या लग्नाला चर्चच्या कायद्यात मूळ आडकाठी आहे (कॅनन १०८६). ती बिशपच्या परवानगीने दूर होते, त्याला डिस्पेन्सेशन म्हणतात. त्यासाठीच्या अटी कॅनन ११२५ मध्ये आहेत. कॅथलिक जोडीदाराने, म्हणजे तुझ्या त्याने, वचन द्यायचं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. आणि तू? त्याने असं वचन दिलंय हे तुला नीट सांगितलं गेलं पाहिजे. आणि लग्न म्हणजे काय (जन्मभराचं, एकाशीच, मुलांचा स्वीकार) हे दोघांनाही समजावलेलं असलं पाहिजे आणि त्यातलं काही तुम्ही कुणी नाकारत नसलं पाहिजे. बस. तुझ्याकडून मुलांबद्दलचं वचन हा कायदा मागत नाही. जुन्या काळी, १९१७ च्या कायद्यात, दोन्ही बाजूंकडून हमी घ्यायचे. १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी ते बदललं आणि १९८३ च्या कायद्यात आत्ताचं रूप आलं. पण काही ऑफिसांतले छापील कागद आणि तिथे बसणाऱ्यांच्या सवयी अजून जुन्याच आहेत.

आमच्या वेळी एका ऑफिसमध्ये (नाव घेत नाही, कुठलं ते विचारू पण नका) टाईप केलेला कागद समोर ठेवला. त्यात माझ्या नावाने लिहिलेलं की होणारी सर्व मुलं कॅथलिक होतील आणि मी हरकत घेणार नाही. घरी दाखवून आण म्हणाले. बाबांनी तो वाचला आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी हे लग्न म्हणजे धर्मांतराचा कागद झाला. पुढे बिशप हाऊसमधल्या एका फादरांनी शांतपणे कॅनन उघडून दाखवलं की मी फक्त "मला कल्पना दिली आहे" एवढ्यावर सही करायची, वचन नवऱ्याचं. कागद बदलून मिळाला, परवानगीही आली. पण बाबांच्या डोक्यातून पहिला कागद काही गेला नाही आणि ते चर्चमध्ये आले नाहीत ते नाहीतच. नंतर घरी येऊन जेवले, नातीला खेळवतात, सगळं छान आहे, पण लग्नाच्या फोटोत ते नाहीत आणि ही गोष्ट आता कुणीच दुरुस्त करू शकत नाही. त्या ऑफिसातल्या माणसाने दोन ओळी नीट लिहिल्या असत्या तर हे झालं नसतं, अजून चीड येते.

म्हणून त्यांनी दिलेला कागद आधी तूच नीट वाच. वाक्य "मी वचन देते" असं सुरू होतंय की "मला सांगण्यात आले आहे" असं, ते बघ. पहिलं असेल तर सही करू नकोस आणि तिथे भांडूही नकोस. तुझ्या त्याला सांग की त्याने स्वतः त्याच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटून (काउंटरवरच्या क्लार्कला नाही) ११२५ प्रमाणे मजकूर द्या म्हणून विनंती करावी. तिथे नाही जमलं तर बिशप हाऊस. हे त्यानेच करायचं, कारण अर्ज त्याच्या बाजूने जातो आणि त्याच्या घरच्यांनाही दिसतं की तो तुझ्यासाठी उभा राहतोय. आणि कागद पक्का झाल्याशिवाय तुझ्या घरी एक पानही जाऊ देऊ नकोस, प्लीज.

आता जरा कडू बोलते. सही तुझी नसली तरी त्याचं वचन खरं असतं. त्याच्या आईवडिलांसाठी ती फॉर्मॅलिटी नाही, नातवाचा बाप्तिस्मा नाही झाला तर त्यांना मनापासून धास्ती वाटते. आणि चर्चच्या नियमाप्रमाणे बाळाच्या बाप्तिस्म्याला आईबापांपैकी एकाची संमतीही पुरते (कॅनन ८६८). म्हणजे मी सही केली नाही म्हणजे विषय मिटला असं धरून चालू नकोस. "मूल झाल्यावर बघू" म्हणणारी जोडपी मी पाहिलीत, बाळंतिणीच्या खोलीबाहेर दोन आज्या बारसं आधी की बाप्तिस्मा आधी यावरून रडतायत. माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो, हा विषय दोघांनी आत्ताच नावासकट, सणांसकट, शाळेतल्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं इथपर्यंत बोलून घ्यावा. आमच्याकडे मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि बारसंही झालं, मी मनापासून हो म्हणाले होते. तुझं उत्तर वेगळं असू शकतं, पण ते त्याला आता कळू दे, कारण "होईल ते सगळं करीन" हे वचन तो तुझं उत्तर माहीत असूनच देणार आहे.

बाबांच्या सप्तपदीचं. इथे दोन्हीकडून अडचण आहे. चर्च म्हणतं लग्नाची संमती एकदाच द्यायची, त्याच लग्नासाठी आधी किंवा नंतर दुसरा धार्मिक विधी करून संमती पुन्हा द्यायची नाही (कॅनन ११२७ चा तिसरा भाग). सप्तपदी म्हणजे विवाहच, म्हणून फादर तिथे अडतात, हळदीला नाही. दुसरीकडे कायदा. हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. देवळात लग्न लावून या कायद्याखाली रजिस्टर केलेलं एक हिंदू-ख्रिश्चन लग्न सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये रद्दबातल ठरवलंय, कारण नवरा रोमन कॅथलिक होता. म्हणजे बाबांना ज्या विधीशिवाय लग्न वाटत नाही, नुसत्या त्या विधीने तू कायद्याने बायको होत नाहीस. हे तू सांगितलंस तर भांडण वाटेल, ओळखीच्या वकिलाकडून त्यांना ऐकव. काही ठिकाणी "एका दिवसात वैदिक लग्न" म्हणतात, तिथे आधी मुलाची शुद्धी करून घेतात, म्हणजे धर्मांतरच. ते त्याला मान्य नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

मग आम्ही काय केलं. घरी ग्रहमख, देवक, हळद सगळं झालं. वसईकडे आणि मुंबईकडच्या ईस्ट इंडियन कॅथलिक लोकांत लग्नाआधी नारळाच्या रसाने नवरानवरीला माखतात, त्यामुळे सासूबाईंना हळद अजिबात परकी वाटली नाही, त्या पाटावर बसलेल्या माझ्याजवळून हलल्या नाहीत. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कम्युनियनसकट पूर्ण उपासना, न ठेवता नुसता विवाहविधी केला. हे मुद्दाम मागून घे. मिस्सा असली की कम्युनियनच्या वेळी, म्हणजे कॅथलिक लोक पवित्र भाकर घ्यायला पुढे जातात तेव्हा, तुझे नातेवाईक आणि तूही नुसते बसून राहता आणि उगाच वेगळेपण टोचतं. तसंही बाप्तिस्मा नसलेल्या व्यक्तीशी झालेलं लग्न चर्चच्या दृष्टीने वैध असतं पण संस्कार, म्हणजे सॅक्रामेंट, मानलं जात नाही, त्यामुळे मिस्सा नसलेला विधी हाच नेहमीचा. मंगळसूत्र आशीर्वादित करून तिथेच घातलं, फादर आनंदाने तयार झाले. घरी गृहप्रवेश, लक्ष्मीपूजन. लाजाहोम आणि सप्तपदी नाही. आईला ते पुरलं, बाबांना नाही.

आणखी एक वाट आहे जी ऑफिसवाले सहसा सांगत नाहीत. गंभीर अडचण असेल तर बिशप चर्चमधल्या विधीतूनही सूट देऊ शकतात (११२७ चा दुसरा भाग), मग रजिस्ट्रारपुढचं लग्नच चर्चही मान्य करतं. दोन्ही घरं एकमेकांच्या मांडवात पाऊल ठेवायला तयार नसतील तर हे विचारून बघा. सर्रास मिळत नाही आणि ती सूट लग्नाच्या आधी मिळालेली हवी. सूट न घेता आधी कोर्ट मॅरेज केलंत तर चर्चच्या लेखी तुमचं लग्न नाही आणि त्याला कम्युनियन घेता येणार नाही. त्याच्या आईला ते किती लागेल हे तुला कल्पना नसेल म्हणून सांगते. तसं होऊन गेलंच असेल तरी नंतर दुरुस्ती होते, एका प्रकारात तर पुन्हा संमतीविधीही लागत नाही, बिशप मूळ संमतीलाच मान्यता देतात.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. चर्चमधलं लग्न १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याने वैध आहे, एक बाजू ख्रिश्चन असली तरी चालतं, तू हिंदूच राहतेस. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टने गेलात तर ३० दिवसांची नोटीस, ती विवाह नोंदणी ऑफिसच्या फलकावर लावतात, तीन साक्षीदार. आईवडिलांचं संमतीपत्र मागितलं तर कायद्यात तशी अट नाही हे लक्षात ठेव. "चर्चचं झालं तरी वर स्पेशल मॅरेजमध्ये रजिस्टर करून टाका" असं सगळे सहज म्हणतात, पण त्याने वारसाहक्काला भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि हिंदू एकत्र कुटुंबापासून तू वेगळी झाल्यासारखी धरली जातेस. बाबांची वडिलोपार्जित जमीन वगैरे असेल तर आधी वकिलाला विचार.

त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला नवीन काढायचा, सहा महिन्यांच्या आतला, जुना चालत नाही. लग्नपूर्व कोर्स दोघांना करावा लागतो, तो तारीख ठरवायच्या आधीच उरकून घ्या.

त्या कागदाचा फोटो नावं झाकून इथे टाकलास तर वाचून सांगते कोणती ओळ बदलून मागायची.