‘स्थिर टोपली’ आणि ‘अभिनती’

*पुस्तकात लिहिलंय, ‘लास्पेअरच्या निर्देशांकात ऊर्ध्व अभिनती असते, पाश्चेच्या निर्देशांकात अधो’. अभिनती म्हणजे आकडे फिरवणं का? आणि टोपली ‘स्थिर’ म्हणजे नक्की काय स्थिर?*

महागाईचा निर्देशांक म्हणजे ठरावीक वस्तूंच्या टोपलीचा जुना खर्च १०० धरला, तर आजचा किती, हे सांगणारा आकडा. लास्पेअर जुनी टोपली धरतो, पाश्चे आजची. यात आकडे कोणी फिरवत नाही. अभिनती म्हणजे सूत्रातच असलेला एका बाजूचा कल. हिशेब कितीही प्रामाणिकपणे केला तरी तो राहतो.

टोपलीत स्थिर असते ती वस्तूंची मात्रा, खर्चातला वाटा नव्हे. इथेच बरेचजण फसतात, कारण छापलेले भारांक, म्हणजे प्रत्येक वस्तूला दिलेलं वजन, खर्चाच्या टक्क्यांतच असतात.

समजा, तूर आणि मूग दोन्ही डाळी १०० रुपये किलो आहेत. घरात महिन्याला ३ किलो तूर आणि १ किलो मूग लागते. खर्च ४०० रुपये, त्यात तुरीचा वाटा ७५ टक्के. पुढे तूर १५० वर गेली, मूग तिथेच राहिली. जुनीच टोपली आता ५५० ला पडते, म्हणून लास्पेअरचा निर्देशांक १३७.५. मात्रा तीच असूनही तुरीचा वाटा आता जवळपास ८२ टक्के झालाय.

पण घरात मुगाचं वरण सुरू झालेलं असतं: १ किलो तूर, ३ किलो मूग. पाश्चे ही नवी टोपली धरतो. ती जुन्या भावाने ४०० ची, आजच्या भावाने ४५० ची, निर्देशांक ११२.५.

लास्पेअरच्या हिशेबात घर काहीच बदलत नाही, म्हणून महागाई फुगते. पाश्चेच्या हिशेबात घराला पहिल्यापासूनच मूग हवी होती, तूर सोडावी लागल्याची कळ त्यात मोजलीच जात नाही. राहणीमान टिकवण्याचा खरा खर्च साधारणपणे या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. अर्थशास्त्रज्ञ फिशरने दोन्हींचं गुणोत्तर मध्य, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ, घेतलं. इथे ते सुमारे १२४.४ येतं.

मग दरमहा लास्पेअरचीच पद्धत का? भाव दर महिन्याला गोळा करता येतात, पण कोणत्या घराने किती डाळ घेतली याची पाहणी दरमहा परवडत नाही. भारताच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ = १०० या मालिकेचे भारांक २०११-१२ च्या खर्च-पाहणीतून आले आणि वर्षानुवर्षं तेच चालले. टोपली जितकी शिळी, तितका फुगवटा वाढण्याची शक्यता जास्त. त्या मालिकेत एकाच वस्तूचे निरनिराळ्या बाजारांतले भाव गुणोत्तर मध्याने जोडत, त्यामुळे तेवढ्यापुरता कल सौम्य व्हायचा. तुरीकडून मुगाकडे वळणं मात्र त्यात धरलं जात नसे.

पुस्तकातलं ते वाक्य त्रिकालाबाधित नाही, एवढं पुस्तकाने सांगायला हवं होतं. महाग झालेली वस्तू लोक कमी घेतात, हे त्यात गृहीत आहे. एखाद्या वस्तूची चटकच लागली आणि भाव वाढत असतानाही खप वाढला, तर पाश्चेचा आकडा लास्पेअरच्या वर जाऊ शकतो.