दर्मगलाचा दामेळ

प्रश्न : गोदाकाठच्या एका काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहितोय. पात्रांची नावं झॅरॉन, ळुमार अशी ठेवली, पण परभणीचे मित्र म्हणतात, ही माणसं इकडची वाटतच नाहीत. खरी नावं नकोत. अर्थ नसला तरी चालेल, पण कानाला इथल्या जुन्या राज्याची वाटावीत. कशी घडवू?

मित्रांचा कान शाबूत आहे. 'ॅ' आणि 'ॉ' हे स्वर आपण इंग्रजी शब्दांसाठी वापरतो, त्यामुळे झॅरॉन गोदाकाठी उतरतो तो थेट बोटीतूनच. ळुमारची गोष्ट उलटी. ळ अगदी आपला, पण मराठीत तो शब्दाच्या आरंभी येत नाही. अक्षर मराठी असलं म्हणून नाव मराठी होत नाही; ते अक्षर कुठे बसतं, हे कानाला आधी कळतं.

माझ्या मते, नाव थेट घडवूच नका. आधी त्या नावाचा हजार वर्षांपूर्वीचा पूर्वज घडवा आणि मग तो झिजवा. झीज कशी होते ते मराठवाड्याच्या नकाशावरच दिसतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन स्वरांमधला 'ग' गळाला, तगरचं तयर झालं आणि तयरचं तेर. नगरचं नेरही असंच झालं. बीडकडच्या पिंपळनेरात तेच नेर आहे. प्रतिष्ठानचं पैठण होताना 'त' गळाला, जोडाक्षर मोडलं आणि शेवटच्या 'न'चा 'ण' झाला. कर्मचं आधी कम्म आणि मग काम झालं, म्हणजे जोडाक्षर सुटलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. सप्तचं सात तसंच. स्वरांमधल्या एकट्या 'ल'चा ळ झाला : फल, फळ.

आता एक बिनअर्थाचं नाव घेऊ : दर्मगल. हा तुमचा मूळपुरुष, ताम्रपटात कोरलेला. 'र्म' सुटून 'म्म' होईल, 'ग' गळेल, 'ल'चा ळ होईल. मधल्या काळात तो दम्मयळ असेल आणि कथा घडते त्या काळात दामेळ. दर्मगल आणि दामेळ एकाच घराण्यातले आहेत हे वाचकाला सांगावं लागत नाही, आणि दोघांच्या मध्ये कितीतरी पिढ्या गेल्या हेही आपोआप कळतं. याच रीतीने विप्तनचा वीतण होतो. नियम मात्र सगळ्या नावांना सारखे लावा. एका पात्राचा 'ग' गळला आणि त्याच्याच भावाचा शाबूत राहिला, तर त्याला कथेत कारण हवं.

कारण अर्थात असू शकतं, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. झीज बोलण्यात होते, पोथीत नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण लेखांत 'कन्नर' म्हणूनही येतो, म्हणजे संस्कृत नाव आणि तोंडचं नाव शेजारी शेजारी नांदत होतं. तुमच्या राज्यात राजपुरोहित आजही 'दर्मगल' असंच म्हणेल, कुंभार 'दामेळ' म्हणेल आणि बरोबरीचा सवंगडी 'ए दाम्या' अशी हाक मारेल. कोण कोणतं रूप वापरतं एवढ्यावरून माणसाची पायरी कळते, वेगळं वर्णन करावं लागत नाही.

बायकांच्या नावांसाठी यादवकाळाकडे बघा. महानुभावांच्या जुन्या गद्यात महदाइसा, बाइसा, आउसा अशी नावं येतात. त्यातलं '-सा' आदराचं आहे. ते उचललं तर त्या घराण्यातली वडीलधारी बाई होते दामाइसा. पण ही शेपटी खरी आहे, तेव्हा बेताने वापरा. दहा बायका 'सा' झाल्या की वाचक तुमचं राज्य विसरून सरळ देवगिरीच्या यादवांत जाऊन बसेल.

एक अडचण लिपीची आहे. च, ज, झ यांचे आपल्याकडे दोन उच्चार आहेत, चांदण्यातला वेगळा आणि चहातला वेगळा. ओळखीच्या शब्दात आपण न चुकता योग्य तो उच्चारतो, पण घडवलेल्या नावात 'चा' किंवा 'जा' आला तर वाचकाला कळायला मार्ग नाही. मुख्य पात्रांच्या नावात ही अक्षरं टाळलेली बरी, किंवा पुढे इ-ए ठेवा. तिथे बहुधा एकच उच्चार होतो.

शेवटी प्रत्येक नाव मोठ्याने म्हणून बघा, आणि तेही रागावून हाक मारल्यासारखं. दर्मगलऐवजी झर्मगल घेतला असता तर नियमाने झामेळ झाला असता आणि पहिल्याच लढाईत वाचकाला 'झमेला' ऐकू आला असता.