शाळेच्या व्हॅनचे भाडे : सरसकट की टप्प्याटप्प्याने?

प्रश्न : आमच्या मार्गावरची घरे शाळेपासून वेगवेगळ्या अंतरावर आहेत. व्हॅनचे महिन्याचे भाडे सर्वांनी सारखे भरावे की अंतराप्रमाणे?

दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत, आणि हे मी आमच्या वाडीतील तीन वर्षांच्या भांडणानंतर सांगत आहे. आमची व्हॅन किनाऱ्यावरच्या वाडीतून निघते, कारण चालक तेथेच राहतो. शाळा तेथून 16 किलोमीटर आहे. किनाऱ्यावरून दोन मुली, सड्यावरून (शाळेपासून 10 किलोमीटर) तीन मुले आणि आमच्या नाक्यावरून (4 किलोमीटर) तीन मुले, अशी आठ मुले बसत असत. महिन्याचे भाडे 12,000 रुपये होते आणि प्रत्येकाकडून सरसकट 1,500 घेतले जात. नाक्यावरचे आम्ही कुरकुरलो, तेव्हा दोन्ही मुलींचे आजोबा, जे निवृत्त गुरुजी आहेत, ते म्हणाले, "अहो वहिनी, मुले एकाच गाडीत बसतात, मग पैसे वेगळे कसे?" गाडी एकच असली तरी तिचे डिझेल सर्वांसाठी सारखे जळत नाही, एवढे गुरुजींनी समजून घ्यायला हवे होते.

मी चालकाला विचारून खर्च दोन भागांत मांडला. त्याची मजुरी, विमा, टायर आणि दुरुस्ती मिळून 7,200 रुपये होत होते. मूल कोठेही चढो, हा खर्च आसनाचा असतो, म्हणून तो आठांत सारखा, प्रत्येकी 900. उरलेले 4,800 डिझेलचे. त्याने दारात खडूने लिहून ठेवलेल्या मीटरच्या आकड्यांवरून महिन्याला सुमारे 700 किलोमीटर निघत होते. लिटरला 14 किलोमीटर धरले की 50 लिटर, आणि भाव 96 रुपये धरला की हिशेब जुळत होता. म्हणजे 16 किलोमीटरच्या मार्गातील प्रत्येक किलोमीटर महिन्याला 300 रुपयांचा.

आता रस्त्याचे तुकडे करावे आणि प्रत्येक तुकडा फक्त त्यावरून जाणाऱ्या मुलांत वाटावा. किनारा ते सडा या 6 किलोमीटरचे 1,800 रुपये दोनच मुलींवर, प्रत्येकी 900. सडा ते नाका यांचे 1,800 पाच मुलांत, प्रत्येकी 360. नाका ते शाळा यांचे 1,200 आठ मुलांत, प्रत्येकी 150. आसनाचे 900 मिळवले की नाक्यावरच्या मुलाला 1,050, सड्यावरच्याला 1,410 आणि किनाऱ्यावरच्या मुलीला 2,310 पडतात. सगळे भाडेच किलोमीटरवर वाटले असते तर नाक्याला साधारण 650 आणि किनाऱ्याला 2,600 आले असते, पण तेही अन्यायाचे, कारण नाक्यावरचे मूलही पूर्ण आसन अडवते.

गुरुजींनी माझी वही ओटीवर बसून दोनदा तपासली, बेरीज बरोबर आहे हे मान्य केले आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही नातींना एसटीने पाठवायला सुरुवात केली. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. चालक व्हॅन रात्री सड्यावरच ठेवू लागला, डिझेल वाचले, पण 7,200 रुपये सहांवर आले. सड्यावरच्यांना प्रत्येकी 2,000 आणि आम्हाला 1,400 पडू लागले. सड्यावरचे आजही मलाच बोल लावतात. माझे 1,400 पूर्वीच्या 1,500 पेक्षा कमीच होते, हे मी त्यांना अनेकदा ऐकवले आहे, पण त्यांचे 500 वाढले हेही खरे आहे.

म्हणून टप्प्यांचा हिशेब करा, मात्र शेवटच्या घराला व्हॅन सोडून दुसरे काय परवडते ते आधी पाहा. किनाऱ्याकडून 2,310 ऐवजी 2,000 घेतले असते, तर तुटीचे 620 रुपये सहा मुलांवर प्रत्येकी सुमारे 103 पडले असते; नाक्याला 1,153 आणि सड्याला 1,513. दोघांनाही ते नंतरच्या भाड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होते. मी तेव्हा ते नाकारले, कारण गुरुजींचा "एकाच गाडीत" हा मुद्दा मला मान्य करायचा नव्हता, आणि तो अजूनही मान्य नाही.

मूल गणपतीला गावी किंवा आजारी असले, तरी आसनाचे 900 घ्यावेत. डिझेल तेव्हाच कमी होते जेव्हा टोकाच्या थांब्यावरचे एकही मूल येत नाही आणि गाडीलाही तेथून निघावे लागत नाही. आणि तुमचा चालक शाळेजवळ राहत असेल, तर सकाळी रिकामी गाडी टोकापर्यंत येते आणि संध्याकाळी रिकामीच परतते, म्हणजे डिझेल दुप्पट होते. तुकड्यांची वाटणी तशीच ठेवता येते, पण प्रत्येक किलोमीटर 300 ऐवजी 600 चा धरावा लागतो, आणि टोकाच्या मुलाचे भाडे आमच्या आकड्यांत 3,720 वर जाते.