मित्राला निरोपाची व्हॉइस नोट: पाठ केल्यासारखी वाटू नये म्हणून काय करावं?

प्रश्न: माझा कॉलेजपासूनचा मित्र, पुण्यातला माझा रूममेट, शनिवारी रात्रीच्या विमानाने जर्मनीला चाललाय. मी नाशिकला आहे, मुंबईला सोडायला जाता येत नाही. व्हॉइस नोट पाठवायची आहे. लिहून वाचली तर भाषण वाटतं, न लिहिता बोललो तर अडखळतो. काय करू?

उत्तर:

काही वर्षं रेडिओवर निवेदन केलं, त्यामुळे वाचलेलं आणि बोललेलं यातला फरक कानात बसला आहे. तुमच्या लिहिलेल्या मजकुरात चूक नसणार. अडचण वाक्यांच्या ठेवणीची आहे. लिहिताना आपण क्रियापद शेवटी नेऊन वाक्य बंद करतो: 'तू आज जर्मनीला चालला आहेस.' बोलताना क्रियापद आधी निसटतं आणि बाकीचं मागून येतं: 'चाललास शेवटी जर्मनीला!' कागदावरची वाक्यं वाचली की प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज एकाच पट्टीत खाली उतरतो. तीन-चार वेळा तसा उतरला की ऐकणाऱ्याला कागद दिसायला लागतो.

म्हणून लिहा, पण वाक्यं लिहू नका. चिठ्ठीवर फक्त नामं लिहा, चार-पाच, एकाखाली एक. क्रियापद एकही नको. ते तोंडातून आपोआप येऊ द्या, कारण बोलण्याची चाल तेच ठरवतं. अडखळण्याची भीतीही यात जाते, कारण पुढे काय बोलायचं ते समोर असतं, फक्त कसं बोलायचं ते नसतं.

तुमच्या मैत्रीतला प्रसंग मला माहीत नाही, म्हणून खोलीवर राहणाऱ्या दोघांचा एक कल्पून घेतो. समजा, चिठ्ठी अशी आहे:

गाडी, पार्किंग
इस्त्री, पोळ्या, पांढरा शर्ट
भाडं
स्वेटर
पोचल्यावर मेसेज

आणि बोलणं साधारण असं होईल:

'अरे, आत्ताच गाडी लावली खाली, वर गेलो नाहीये अजून. बसलास का गेटजवळ निवांत? मघाशी ना, सिग्नलला थांबलो होतो, तर एकदम ती इस्त्री आठवली. गॅस संपला होता आपला, आणि तू इस्त्रीवर पोळ्या गरम केल्यास. तुपाच्या! आणि सकाळी मी त्याच इस्त्रीने पांढरा शर्ट... म्हणजे इंटरव्ह्यूला गेलो मी तो डाग घेऊन. ती नोकरी काही लागली नाहीच. पण त्या महिन्याचं भाडं माझं तू भरलंस, आणि परत कधी विषय काढला नाहीस. मीही काही बोललो नाही तेव्हा. तू नसतास ना, तर मी गावी परत गेलो असतो सरळ. हे सांगायचं राहिलं होतं. बरं, ऐक, स्वेटर विमानात वरच्या कप्प्यात टाकू नकोस, हाताशी ठेव. आणि पोचलास की मेसेज टाक, मध्यरात्र असली इथे तरी टाक. चल.'

यातलं खरं वाक्य कुठे आहे ते बघा. 'गावी परत गेलो असतो' हे सांगण्यासाठीच सगळी नोट आहे, पण ते सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही. सुरुवातीला ठेवलं तर मित्र सावध होतो, पुढे काय काय ऐकावं लागणार म्हणून. शेवटी ठेवलं तर समारोप होतो, आणि तुमचा आवाजही तिथे आपोआप गंभीर होतो. इस्त्रीची गंमत संपता संपता ते येतं आणि लगेच स्वेटरवर उतरतं. एरवी समोरासमोर बसून मनातलं बोलतानाही आपण असंच करतो: एक वाक्य बोलून टाकतो आणि घाईघाईने चहाचं विचारतो.

पहिलं वाक्य आत्ताच्या क्षणातलं हवं. तुम्ही कुठे आहात, काय चाललंय. त्यासाठी खरंच कुठेतरी असा. नोट गाडीत बसून करणार असाल तरच गाडीचं बोला. 'आज तुला काही सांगायचंय' अशी सुरुवात केली की पुढचं सगळं त्या उंचीवर न्यावं लागतं, आणि तिथून खाली उतरायला जागा मिळत नाही.

प्रसंग एकच घ्या. तीन आठवणी ओळीने आल्या की यादी होते, आणि यादी वाचल्यासारखीच वाटते. त्यात एखादी अशी वस्तू हवी जी तुम्हा दोघांनाच कळेल, आणि तिचा अर्थ समजावत बसू नका. 'आठवतंय ना, आपण तेव्हा अमुक ठिकाणी राहायचो' हे त्याला माहीत आहे. माहीत असलेलं सांगायला लागलात की आवाज तिसऱ्या माणसाला उद्देशून बोलल्यासारखा होतो. आमच्या स्टुडिओत नवख्यांची हीच खोड मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

लांबी दीड-दोन मिनिटं पुरे. वरचा नमुना तर सावकाश बोललात तरी त्याच्या आतच संपेल. नोट फार लांबली की माणसं दीडपट वेगाने ऐकतात, आणि तुमचं खरं वाक्य त्या वेगात जातं.

रेकॉर्ड करताना माइकचं बटण दाबून वर सरकवा, म्हणजे ते लॉक होतं आणि अंगठा अडकून राहत नाही. फोन तोंडासमोर नको, गालाच्या बाजूला वीतभर अंतरावर धरा, नाहीतर 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर माइकवर आपटते. पंखा बंद करा. मध्ये थांबवून पुन्हा सुरू करायची सोय आहे, ती वापरू नका. थांबलात की पुढचं वाक्य मनात जुळवता, आणि जुळवलेलं वाक्य लगेच ओळखू येतं.

पाठवण्याआधी एकदा ऐका. शब्द तपासायला नाही, फक्त वाक्यांचे शेवट ऐकायला. सगळे एकाच सुरात पडत असतील तर तुम्ही मनातला कागद वाचताय. मग लगेच पुन्हा बोलू नका, तासाभराने बोला, तेही चिठ्ठी न बघता. तिसऱ्यांदा मात्र नको, तोवर ते पाठ झालेलं असतं. अडखळणं, वाक्य अर्धवट सुटणं, 'म्हणजे' म्हणून वळणं, हे सगळं राहू द्या. पण मुद्दाम पेरू नका, ठरवून घातलेलं 'अं...' फार विचित्र वाटतं. आवाज दाटला तर दोन सेकंद गप्प राहा, माफी मागू नका, आणि सरळ स्वेटरवर या. चिठ्ठीतल्या शेवटच्या दोन ओळी त्यासाठीच आहेत.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: तो ऐकणार कुठे? घरून निघताना पाठवलीत तर गाडीत आई-वडील, मामा, ड्रायव्हर असतील, आणि कुणीतरी म्हणणारच, 'लाव की, आम्ही पण ऐकतो.' भाड्याची गोष्ट त्याने घरी सांगितलेली नसेल तर पंचाईत. आंतरराष्ट्रीय विमानासाठी माणूस तीनेक तास आधी पोचतो, त्यामुळे इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी आटोपली की गेटजवळ तो बराच वेळ एकटा बसलेला असतो. त्याला आधी विचारा, 'आत गेलास का?' हो म्हणाला की नोट पाठवा. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला तर 'ऐकलीस का, कशी वाटली?' असं विचारू नका.