भाव सांगण्याआधी स्क्रिप्ट मोठ्यानं वाच

अनेक आशीर्वाद.

ठिबक सिंचनाच्या ज्या व्हिडिओला तू मराठी आवाज देणार आहेस, त्याची स्क्रिप्ट मिळाली. "काकू, ४१० शब्दांचे किती सांगू?" असं विचारलंस. आत्ता काहीच सांगू नकोस. आधी ती घड्याळ लावून मोठ्यानं वाच.

मी वाचून पाहिली. त्यात फोन नंबर दोनदा आलाय. मोजणीत तो एक शब्द धरला जातो, बोलताना मात्र दहा आकडे म्हणावे लागतात. '₹१,२५,०००' ही मोजणीला एकच वस्तू, तोंडात मात्र 'एक लाख पंचवीस हजार रुपये'. अशा रकमा चार आहेत. सगळं धरून ४१० चे साधारण ४४५ शब्द होतात. शेतकऱ्याला समजावून सांगायचं तर माझा वेग मिनिटाला ११० ते १२० शब्द. म्हणजे जवळजवळ चार मिनिटं.

आता एजन्सीचा निरोप पुन्हा वाच. हिंदी व्हिडिओ तयार आहे, ३ मिनिटं १० सेकंदांचा, आणि मराठी आवाज त्याच चित्रांवर बसवायचाय. त्यांना वाटतं, मराठीत शब्द कमी आहेत म्हणजे सहज मावेल. पण हिंदीत 'खेत में' हे दोन शब्द, आपलं 'शेतात' एकच. शब्द घटले म्हणून वेळ घटत नाही. ही स्क्रिप्ट ३:१० मध्ये बसवायची तर मिनिटाला १४० शब्द म्हणावे लागतील. ते ऐकायला म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतल्या शेवटच्या सूचनेसारखं लागतं. तेव्हा त्यांना दोन वाटा दे: साठ-पासष्ट शब्द कमी करा, नाहीतर चित्रं लांबवा. कापायची वाक्यं तूच सुचव. ही गोष्ट रेकॉर्डिंगच्या आधी बोलून घेतली तर तू जाणकार ठरशील, नंतर बोललास तर ती कुरकुर वाटेल.

भाव शब्दांवर नको, मिनिटांवर लाव. समजा, तू मिनिटाला १,५०० ठरवलेस. चार मिनिटांचे ६,०००, आणि तयार चित्रांना वेळ जुळवण्याचे वर १,५००, एकूण ७,५००. मेलमध्ये असं लिही:

"मंजूर स्क्रिप्टचं रेकॉर्डिंग, ७,५०० रुपये, निम्मे आगाऊ. उच्चार किंवा वाचनात माझी चूक असल्यास दुरुस्ती विनामूल्य. मंजुरीनंतर मजकूर बदलल्यास वेगळे पैसे. वापर कंपनीच्या वेबसाइटवर, यूट्यूब चॅनलवर आणि शेतकरी मेळाव्यांत. यातला तुकडा टीव्ही, रेडिओ किंवा पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातीत घ्यायचा असल्यास त्याचा भाव वेगळा."

शेवटची ओळ गाळू नकोस. अशा माहितीच्या व्हिडिओमधली वीस सेकंदं उचलून जाहिरात करणं फार सोपं असतं, आणि जाहिरातीत पैसे मुख्यतः वापराचे असतात. नमुना मागितला तर दोन-तीन ओळी दे, अख्खी स्क्रिप्ट नाही.

तुझी क्लिप ऐकली. माइक ठीक आहे, नवा घेऊ नकोस, खोली घुमतेय. तू माइकच्या मागच्या भिंतीला गोधडी लावलीस, पण तुझा माइक समोरून ऐकतो. त्याला तुझ्या पाठीमागची उघडी भिंत ऐकू येते. गोधडी तिथे टांग, किंवा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे पाठ करून बस. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेव, म्हणजे 'प', 'फ', 'भ' चा वारा थेट आत जाणार नाही. पंखा, कूलर बंद कर आणि दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड कर. मीटर -६० डीबीच्या खाली राहिला तर काम होईल; -५० च्या आसपास घुटमळला तर कुठेतरी फ्रीज घुरघुरतोय. तो आवाज फिल्टरनं घासून काढायला गेलास तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. बोलताना सर्वांत मोठा आवाज -६ च्या आसपास असू दे. फाइल WAV, 48 kHz, मोनो. आणि सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीतून गेल्यावरच बस. इंदूरच्या रामबागेत तरी त्याला इलाज नाही.

एक गोष्ट मात्र खोलीची नाही, आपल्या इंदुरी जिभेची आहे. 'पाच', 'जवळ', 'चांगलं' यातले च-ज तू हिंदीसारखे म्हणतोस. घरी कुणाला खटकत नाही, पुण्यात पहिल्याच ओळीत कळतं. स्क्रिप्टमध्ये असे शब्द खालून रेघ मारून ठेव. '५५ टक्के' तू अडखळून 'पचपन' वरून 'पंचावन्न'वर आलायस, तेव्हा सगळे आकडे अक्षरांत लिहून काढ. फोन नंबर एकेक आकडा म्हणायचा की जोडीनं, हे एजन्सीला आजच विचार.

मेल पाठवण्याआधी मला दाखव. शनिवारी दुपारी मी घरीच आहे.

तुझी,
रामबागेची काकू